बोलणाऱ्याला मध्ये तोडू नये

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा निम्मा दिवस एकट्याने जातो. गच्चीवरची यंत्रखोली, मोटर, पोलादी दोर आणि वंगणाचा वास, एवढीच सोबत. आपल्या या मेकॅनिकने अशा खोल्यांत सव्वीस वर्षं काढली होती. त्यामुळे असेल किंवा मुळातला स्वभाव असेल, तो घरीदारी मोजकंच बोलायचा. नवरा रविवारी इंग्रजी बोलायला शिकायला जातो, असं त्याच्या बायकोने ती कामाला होती त्या लाँड्रीत सांगितलं, तेव्हा इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या असलेल्या सगळ्याजणी हसल्या होत्या. आधी घरात बोलायला शिका म्हणावं, असं एकीने ऐकवलंही.

पण त्याला गरज होती. त्याची कंपनी दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या मोठ्या कंपनीने घेतली. सुट्या भागांची मागणी, तक्रारी, बैठका, सगळं इंग्रजीत गेलं. त्याला वाचून कळायचं, ऐकून अर्धं कळायचं, पण तोंड उघडायची वेळ आली की शब्दच आठवायचे नाहीत. मग सुपरवायझर त्याच्या वतीने बोलायचा, आणि आपल्या नावावर काय बोललं गेलं ते त्याला नेमकं कधीच कळायचं नाही.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी दहा ते साडेअकरा हा गट जमायचा. तिथल्या ग्रंथपालबाईंनी तो सुरू केला होता. दहा-बारा माणसं, गोल मांडलेल्या खुर्च्या, मध्ये काही नाही. वर्ग म्हणायचं नाही, असं बाई पहिल्याच दिवशी सांगायच्या. इथे शिकवणारं कोणी नाही, सगळे बोलणारे आणि सगळे ऐकणारे. दर आठवड्याला एक विषय असायचा. तो आधीच्या रविवारी सांगून, त्याला लागतील असे आठ-दहा शब्द बाई कागदावर लिहून द्यायच्या, म्हणजे येणारा रिकाम्या हाताने यायचा नाही. दुकानात वस्तू परत करणं, शेजाऱ्याकडे तक्रार करणं, डॉक्टरला दुखणं सांगणं. आधी जोडीजोडीने बोलायचं. एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या माणसांना सांगायची, पहिल्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. तिसऱ्यांदा सांगताना जीभ आपोआप सैल व्हायची.

चुका दाखवायची रीत मात्र कडक होती. बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही. ऐकताना चुका वहीत लिहायच्या आणि बोलणं संपल्यावर "सांगू का?" असं विचारायचं. तो हो म्हणाला तरच सांगायचं. आधी काय नीट पोचलं ते, मग फार तर दोन चुका, आणि त्याही अर्थ बिघडवणाऱ्या. उच्चाराला हसायचं नाही. आणि अर्थच कळला नसेल तर दुरुस्त करण्याआधी विचारायचं, की तुम्हाला काय म्हणायचं होतं? खोलीत जे बोललं जाईल ते खोलीतच राहील, हेही ठरलेलं होतं.

पाच महिन्यांत मेकॅनिक बराच सुधारला. मग एका गुरुवारी त्याच्या हातात चौकशीचं पत्र पडलं.

झालं होतं असं. एका जुन्या सहामजली इमारतीत, त्याच्याकडे देखभालीला असलेल्या लिफ्टमधून एक आजोबा एकटेच वर तिसऱ्या मजल्यावर आले. लिफ्ट मजल्याच्या बरोबरीने न थांबता चार बोटं वर थांबली. दार उघडलं, आजोबांनी सवयीने पाऊल टाकलं, पायाखाली जमीन हवी तिथे नव्हती. ते पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ब्रेकच्या पकडीची पट्टी, म्हणजे लायनिंग, झिजलेली निघाली. कंपनीकडे मात्र त्याच महिन्याचा तपासणीचा तक्ता होता, आणि त्यात "ब्रेक" या शब्दासमोर मेकॅनिकने केलेली बरोबरची खूण होती.

चौकशी अकरा दिवसांनी, सोमवारी सकाळी होती. मुख्य कचेरीतला इंजिनिअर पडद्यावरून प्रश्न विचारणार होता, म्हणजे सगळं इंग्रजीत. सुपरवायझरने त्याला बाजूला घेऊन धीर दिला. तू काही बोलू नकोस, मी आहे ना. म्हातारा माणूस, खाली बघितलं नसेल. त्याच्या घरच्यांनाही मी तसंच सांगितलंय. तक्ता आपल्या बाजूने आहे, लायनिंग नंतर झिजलं म्हणू.

मेकॅनिकने मान हलवली. पण त्या रविवारी त्याने ग्रंथपालबाईंना गाठून विचारलं, की घडलेली गोष्ट क्रमाने सांगायची, असा विषय आज घेता येईल का? मला चौकशीत स्वतः बोलायचंय. बाईंनी ठरलेला विषय पुढे ढकलला.

नेमकं त्याच दिवशी गटात एक नवीन गृहस्थ आले. विमा कंपनीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. चाळीस वर्षं इंग्रजीत पत्रं लिहिलेली, भाषेवर पकड पक्की, आणि लोकांना मदत करायची मनापासून इच्छा. बाईंनी त्यांना रीत समजावून सांगितली. त्यांनी हो हो म्हटलं.

मेकॅनिक उभा राहिला. त्या दिवशी सकाळी मी इमारतीत गेलो, असं त्याने सुरू केलं आणि भूतकाळाऐवजी वर्तमानकाळ वापरला. हेडक्लार्कनी लगेच बरोबर शब्द सांगितला. त्याने तो म्हटला. पुढच्या वाक्यात पुन्हा अडवलं. मग उच्चार, मग एक अव्यय. बाईंनी हात वर केला, हेडक्लार्क क्षणभर थांबले, आणि मेकॅनिक मोटरपाशी पोचतो न पोचतो तोच त्यांच्या तोंडून सुटलंच, "वेन्ट नाही, हॅड गॉन."

मेकॅनिक थांबला. गोष्ट कुठपर्यंत आली होती तेच त्याला आठवेना. समोरची माणसं वाट बघत होती, आणि वाट बघणाऱ्या माणसांना त्याला आठ दिवसांनीही तोंड द्यायचं होतं. त्याने वही उचलली, खुर्ची सरळ केली आणि खोलीबाहेर गेला.

गट सुटल्यावर बाईंनी हेडक्लार्कना थांबवून घेतलं. त्यांचा आवाज चढला नाही, पण शब्द स्पष्ट होते. तुम्ही सांगितलेलं सगळं बहुतेक बरोबर होतं, पण तुम्ही त्यांचं एकही वाक्य ऐकलं नाहीत, असं त्या म्हणाल्या. पुढच्या रविवारी त्यांनी फक्त लिहायचं होतं. कितीही चुका लिहा, पण बोलताना त्यातली एकच निवडा, ज्याने माणसाचं नुकसान होईल ती.

हेडक्लार्कना ते लागलं. चाळीस वर्षांत कोणी त्यांना गप्प राहायला सांगितलं नव्हतं. ते पुन्हा येणार नाहीत अशीच बाईंची समजूत झाली. मेकॅनिकचीही त्यांना खात्री नव्हती. बुधवारी त्या स्वतः त्याच्या कंपनीच्या गोदामापर्यंत गेल्या आणि फाटकाशी उभं राहून एवढंच म्हणाल्या, की रविवारी तुमच्यासाठी पूर्ण वेळ ठेवलाय, कोणी तोडणार नाही.

दोघेही आले. हेडक्लार्क भिंतीकडच्या खुर्चीत बसले, मांडीवर वही घेऊन.

त्या दिवशी बाईंनी खुर्च्या चौकशीसारख्या मांडल्या. तिघे समोर, मेकॅनिक एकटा. गटात येणारी एका दवाखान्यातली नर्स इंजिनिअर झाली. ती प्रश्न विचारू लागली आणि तो उत्तरं देऊ लागला. कुठल्या वेळी पोचलात? काय काय तपासलंत? दारं, दोर, वंगण, खालचा खड्डा. वाक्यं आखूड होती, काही ठिकाणी काळ चुकत होता, पण गोष्ट सरळ चालली होती. शेवटी नर्सने ब्रेकचं विचारलं.

तो थोडा थांबला आणि म्हणाला, "आय शुड हॅव चेक्ड द ब्रेक."

बाकी प्रश्न संपले. तो पाणी प्यायला. मग भिंतीकडून, अगदी हळू, हेडक्लार्कनी विचारलं, "सांगू का?"

मेकॅनिकने त्यांच्याकडे बघितलं आणि मान हलवली.

हेडक्लार्क उभे राहिले. या वेळी तुमचं एकही वाक्य दुसऱ्यांदा ऐकावं लागलं नाही, सगळं कळलं, असं आधी त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "मी अकरा गोष्टी लिहिल्यात. दहा सोडून देतो. एक मात्र उद्या तुमची नोकरी घालवेल. शुड हॅव चेक्ड म्हणजे तपासायला हवं होतं, पण तपासलं नाही. तुमच्या मनात, मला तपासायचं होतं आणि मी तपासलं, असं असेल तर ते वेगळ्या तऱ्हेने म्हणावं लागेल." ते अडखळले, वहीत बघितलं, आणि वाक्य न देता वही मिटली. "तुम्हाला काय म्हणायचं होतं?"

प्रश्न साधा होता. या खोलीत तो दर रविवारी चारदा विचारला जायचा. पण मेकॅनिकची नजर त्या मिटलेल्या वहीवर गेली. पुढचं वाक्य हेडक्लार्कच्या वहीत तयार होतं. त्याने फक्त हात पुढे करायचा होता. आय हॅड टू चेक द ब्रेक, अँड आय चेक्ड इट. दहा शब्द. घोकून पाठ केले असते तर उद्या सकाळपर्यंत बिनचूक बसले असते, आणि तक्त्यावरच्या खुणेशी तंतोतंत जुळले असते.

इथे उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही, असं बाई म्हणाल्या.

"नाही," मेकॅनिक म्हणाला. हे त्याने मराठीत म्हटलं. मग सावकाश, शब्द जुळवत, इंग्रजीत सांगितलं की वाक्य बरोबर आहे. मी तपासलं नव्हतं.

त्या दिवशी त्याच्या यादीत अकरा लिफ्ट होत्या. ब्रेक नीट बघायचा तर वीज बंद करून वीस मिनिटं लागतात. तो वर यंत्रखोलीत पोचला तेवढ्यात सुपरवायझरचा फोन आला, की दुसऱ्या इमारतीत एक बाई लिफ्टमध्ये अडकलीय, आधी तिकडे जा. त्याने जिन्यावर उभ्याउभ्या तक्त्यावर उरलेल्या सगळ्या खुणा केल्या. परत येऊन बघू, असं ठरवलं. परत जाणं झालं नाही. पंधरा दिवसांनी आजोबा पडले.

हे सगळं सांगायला त्याला सहा मिनिटं लागली. कोणी वेळ मोजला नाही. सांगून झाल्यावर नर्सने उठून त्याचा रिकामा पेला भरून आणला आणि त्याच्या हातात दिला. हेडक्लार्क खाली बघत होते. मग त्यांनी वहीतलं ते पान फाडलं, घडी करून खिशात घातलं, आणि म्हणाले की वाक्य असंच राहू द्या, त्यात काही चूक नाही.

घरी पोचला तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने दारातच तिला सांगितलं. ती घड्या घालायची थांबली.

"म्हणजे महिनाभर माझ्याशी खोटं वागलात," ती म्हणाली. "आणि परक्या दहा जणांना सांगून आलात. तेही इंग्रजीत."

त्याच्याकडे कारण होतं, पण ते त्याचं त्यालाच विचित्र वाटत होतं. मराठीत ते वाक्य मनात आलं की त्याच्यापाठोपाठ आजोबांचा चेहरा यायचा, सुपरवायझरचा आवाज यायचा, आणि वाक्य तिथेच गिळलं जायचं. इंग्रजीत शब्द शोधण्यातच सगळं लक्ष जायचं. लाज वाटायला जागाच उरायची नाही. त्याने हे कसंबसं तिला सांगितलं.

मग तिने विचारलं, की उद्या हेच सांगणार का? नोकरी गेली तर? दोन वर्षांवर निवृत्ती आलीय. तो म्हणाला, की सुपरवायझर बोलला तर आजोबांच्याच माथी दोष येईल. ती म्हणाली, दोष तर आधीच आलाय. आणि पुन्हा घड्या घालू लागली. त्या संध्याकाळी दोघं एकमेकांशी फारसं बोलली नाहीत. सकाळी मात्र तिने त्याचा पांढरा शर्ट स्वतः इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकला होता.

चौकशीची खोली लहान होती. लांब टेबल, त्यावर पडदा, एक कार्मिक अधिकारी बाई आणि सुपरवायझर. पडद्यावर इंजिनिअर. त्याचं स्वतःचं इंग्रजीही जन्माचं नव्हतं, हे मेकॅनिकला दुसऱ्याच वाक्यात कळलं. त्याचे उच्चार जड होते आणि तो "ही हॅव" म्हणाला. मेकॅनिकचे खांदे किंचित सैल झाले.

सुपरवायझरने सुरुवात केली, की मेकॅनिकला भाषा येत नाही, मी सांगतो. मेकॅनिक म्हणाला, मी स्वतः बोलेन, कृपया सावकाश विचारा. सुपरवायझरने त्याच्याकडे वळून बघितलं. इंजिनिअरने चालेल म्हटलं.

तो क्रमाने सांगत गेला. वेळ, इमारत, दारं, दोर. ब्रेकचा प्रश्न आला. त्याने तेच वाक्य म्हटलं. सुपरवायझर ताबडतोब हसून पुढे झुकला आणि इंग्रजीत म्हणाला, की यांना म्हणायचंय, तपासायचं काम होतं आणि ते केलं. भाषेची चूक आहे.

इथून मागे फिरायला अजून एक दार उघडं होतं, आणि ते दुसऱ्याच कोणी मेकॅनिकसाठी उघडून धरलं होतं. मान हलवली असती तरी पुरलं असतं.

"प्लीज लेट मी फिनिश," तो म्हणाला. "आफ्टर दॅट, यू कॅन करेक्ट मी."

कार्मिक बाईंनी लिहिणं थांबवलं. सुपरवायझर मागे टेकला. मग मेकॅनिकने सांगितलं, की वाक्यात चूक नाही. मी ब्रेक तपासला नाही. मी खूण केली, ती खोटी आहे. आजोबांची काही चूक नाही. मग त्याने त्या दिवसाची यादी टेबलावर ठेवली. अकरा पत्ते, सुपरवायझरच्या सहीचे, आणि फोनची वेळ मेकॅनिकने त्याच दिवशी स्वतःच्या हाताने लिहिलेली.

इंजिनिअरने ब्रेक तपासायला किती मिनिटं लागतात, ते विचारलं. अकरा लिफ्ट आणि वीस मिनिटं, असं काहीतरी स्वतःशी गुणलं. मग सुपरवायझरला विचारलं, की ही यादी तुम्ही केली का? सुपरवायझर मराठीत काहीतरी पुटपुटला. इंजिनिअरने त्याला इंग्रजीत बोलायला सांगितलं. त्याचं इंग्रजी अचानक आटलं.

निकाल पंधरा दिवसांनी आला. मेकॅनिकची नोकरी राहिली, पण तक्त्यावर सही करायचा अधिकार एक वर्षासाठी गेला. त्याला गोदामात सुटे भाग तपासायला बसवलं. सुपरवायझरची बदली झाली. एका माणसाला दिवसाला सहापेक्षा जास्त लिफ्ट द्यायच्या नाहीत, असा हुकूम निघाला. गोदामातले काही जण त्याला शाबास म्हणाले. काहींनी त्याच्याशी बोलणं कमी केलं, कारण तक्ते आता सगळ्यांचेच तपासले जाऊ लागले होते.

एक गोष्ट मात्र राहिली होती, आणि ती इंग्रजीत होण्यासारखी नव्हती.

एका सुट्टीच्या दिवशी तो त्या इमारतीत गेला. जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढला. आजोबांच्या सुनेने दार उघडलं, त्याच्या कंपनीचं नाव ऐकल्यावर ती दार लावू लागली. आतून आजोबांनी, येऊ दे, असं म्हटलं. ते खिडकीशी बसले होते, हाताशी चालायचा वॉकर होता.

मेकॅनिक उभाच राहिला. चौकशीत हे सगळं त्याने पाच मिनिटांत सांगितलं होतं. इथे पहिल्या वाक्याला वेळ लागला. दोनदा सुरू करून तो थांबला. आजोबा वाट बघत राहिले, त्यांनी काही विचारलं नाही की शब्द पुरवला नाही. शेवटी तो बोलला. मी ब्रेक बघितला नव्हता. तुमचं पाऊल बरोबर होतं. लिफ्ट चुकली, आणि ती माझ्यामुळे चुकली.

आजोबांनी सुनेकडे बघितलं. मग बराच वेळ आपल्या पायाकडे.

"मी रोज विचार करत होतो," ते म्हणाले, "की मी खाली का बघितलं नाही. यांनी माझं एकट्याने बाहेर जाणं बंद केलंय. मलाही वाटलं, आता आपला भरवसा नाही."

सुनेचा चेहरा बदलला. तिने एक खुर्ची ओढून मेकॅनिकच्या मागे ठेवली. तो बसला. आजोबांनी त्याला माफ केलं असं म्हणता येणार नाही, तो शब्द कोणी काढलाच नाही. त्यांनी लिफ्ट आता नीट आहे का, एवढं विचारलं. नवीन लायनिंग घातलंय, दुसऱ्याने तपासलंय, आणि मीही वर जाऊन बघून आलोय, असं त्याने सांगितलं.

मग आजोबांनी वॉकर पुढे ओढला आणि सुनेला चपला द्यायला सांगितल्या.